पाच हजार कशाचे?

मामांचा मेसेज आला तेव्हा भाची शाळेच्या संगणकखोलीत सहावीच्या मुलांना शिकवत होती. प्रत्येक संगणकाला स्वतःचा पत्ता असतो, तो कसा शोधायचा, हा त्या मंगळवारचा धडा. चोवीस मुलं, एकोणीस चालू संगणक आणि दोन मुलांत एका माऊसवरून चाललेली ओढाताण. तेवढ्यात खिशातला फोन थरथरला.

एक चित्र होतं आणि खाली एकच ओळ: माझं इंटरनेट स्लो का आहे?

बाकी काही नाही. कशी आहेस नाही, वेळ आहे का नाही. मामांचं हे नेहमीचं होतं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी कार्यालयात फाइली पुढे ढकलल्या होत्या आणि प्रत्येक फाइलीवर एका ओळीत शेरा मारायची सवय त्यांच्या बोटांतून गेली नव्हती. भाचीने टेबलाखालीच फोन धरून चित्रावर नजर टाकली. राउटरचं कुठलंतरी पान होतं. वर कसलेसे आकडे, खाली उपकरणांची लांबलचक यादी. तिने यादी मोजली. अकरा. घरात दोन माणसं आणि अकरा उपकरणं. तिने अंगठ्याने लिहिलं, "अकरा उपकरणं दिसतायत. एवढी कोणाची? बघा कोण वापरतंय." फोन खिशात टाकला आणि माऊसचं भांडण सोडवायला गेली.

या सगळ्याला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

दोन दिवसांनी, मधल्या सुट्टीत, मामींचा फोन आला. मामी दबक्या आवाजात बोलत होत्या, म्हणजे मामा शेजारच्या खोलीत होते. त्यांनी सांगितलं ते ऐकताना भाचीच्या हातातला डबा उघडायचा राहून गेला.

मामांच्या घराच्या वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहायची. परिचारिकेचं शिक्षण घेत होती, नऊ दिवसांवर शेवटची परीक्षा होती. भाड्यातच इंटरनेट धरलेलं होतं. भाचीचा मेसेज पोहोचल्यावर मामांनी "कोण वापरतंय" याचा शोध पाच मिनिटांत लावला. ते जिन्यात उभे राहिले, मुलगी कामावरून आली तशी तिला तिथेच थांबवलं, आणि समोरच्या घरातली माणसं दार उघडून बघत असताना तिला सांगितलं की तू आमची लाइन मैत्रिणींना वाटतेस, आमच्याकडे पुरावा आहे. पुरावा म्हणून भाचीचा मेसेज तिच्या नाकासमोर धरला. आमची भाची शाळेत संगणकच बघते, तिचं हे मत. मग वायफायचा पासवर्ड बदलला. मग इमारतीच्या ग्रुपवर ते चित्र, तो मेसेज आणि आपला एक शेरा टाकला: वरच्या भाडेकरूपासून सावध. आणि रविवारपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं.

"ती रडली नाही गं," मामी म्हणाल्या. "तेच मला बघवलं नाही. नुसती बघत राहिली आणि वर गेली. आता परीक्षेच्या तोंडावर कुठे जाईल ती?"

भाचीने फोन ठेवला. डोक्यात तिडीक गेली ती आधी मामांच्या नावाने. मग तिला स्वतःचं वाक्य आठवलं. बघा कोण वापरतंय. हे वाक्य तिने एखाद्या मुलाच्या वहीत वाचलं असतं तर लाल शाईने खाली लिहिलं असतं: कशावरून?

रिकाम्या संगणकखोलीत बसून तिने ते चित्र मोठ्या पडद्यावर उघडलं आणि पहिल्यांदाच नीट वाचलं. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, जसं ती मुलांना वाचायला लावायची.

पान होतं इंटरनेटचा वाटा ठरवण्याचं. घरातल्या कुठल्या उपकरणाला आधी द्यायचं आणि कुठल्याला मागून, हे राउटरला या पानावर सांगता येतं. सगळ्यात वर एक बटण होतं आणि ते चालू होतं. त्याखाली दोन चौकटी: एकूण उतरता वेग, एकूण चढता वेग. म्हणजे घरात येणाऱ्या माहितीचा आणि घरातून जाणाऱ्या माहितीचा. पहिल्या चौकटीत पाच हजार, दुसरीत एक हजार. आणि चौकटीला चिकटून, अगदी बारीक करड्या अक्षरांत, Kbps.

पाच हजार किलोबिट. हजार किलोबिटांचा एक मेगाबिट, म्हणजे सेकंदाला पाच मेगाबिट. मामांची लाइन शंभर मेगाबिटांची होती, भाचीनेच जोडून दिली होती. त्या चौकटीत पाच हजार भरले की राउटर समजतो, मालक सांगतोय की माझी लाइन एवढीच आहे. आणि मग तो इमानेइतबारे त्याच्या पलीकडे कोणालाच काही जाऊ देत नाही. बाहेरून शंभर येऊन दारात उभे, आणि दाराची फट पाचाची.

तिच्या तोंडून एक शब्द गेला, जो तिने त्या खोलीत कधी उच्चारला नव्हता.

मग यादी. प्रत्येक उपकरणासमोर त्या क्षणाला ते किती ओढतंय याचा आकडा होता. टीव्हीसमोर चार हजार चारशे, आणि टीव्हीच्या नावापुढे तारा: याला आधी द्या. बाकीच्यांपुढे बारीकसारीक किंवा शून्य. निम्मी नावं करडी होती, म्हणजे ती उपकरणं त्या वेळी जोडलेलीच नव्हती. राउटरला ती फक्त आठवत होती. चार ओळींना नावच नव्हतं, नुसता अंकाक्षरांचा पत्ता. मामांनी त्या चार ओळींवर लाल गोल काढून ग्रुपवर टाकलं होतं.

त्यातल्या तिसऱ्या पत्त्याचा शेवट तिला ओळखीचा वाटला. तिने आपला फोन काढला, जपून ठेवलेल्या वायफायच्या यादीत मामांच्या घरचं उघडलं आणि पत्ता ताडून बघितला. अक्षर न् अक्षर तोच. मागच्या महिन्यात ती मामींना भेटायला गेली होती तेव्हाचा. त्या चार चोरांतली एक ती स्वतः होती.

दुपारचे दोन तास तिने कसे घेतले ते तिचं तिला माहीत. मुलांना मात्र कळलं असावं, कारण त्या दिवशी माऊसवरून कोणी भांडलं नाही. शाळा सुटल्यावर ती थेट मामांच्या घरी गेली.

मामा बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर होते. बातम्या सांगणारी बाई तोंड उघडं ठेवून थिजलेली होती आणि तिच्या कपाळावर एक गोल फिरत होता. राउटर टीव्हीच्या वर फळीवर, मामींनी विणलेल्या रुमालावर बसलेला.

"बघ, चिमणे, बघ," मामा म्हणाले. "अजून तसंच. पोरीने काहीतरी करून ठेवलंय."

भाची उभीच राहिली. तिने विचारलं, पासवर्ड बदलून किती दिवस झाले. दोन, मामा म्हणाले. म्हणजे दोन दिवस वरच्या मुलीचं एकही यंत्र या राउटरला जोडलेलं नाही. मग वेग वाढला का? मामांनी टीव्हीकडे बघितलं. बाई अजून तोंड उघडं ठेवून होती.

"मी काय विचारतेय, मामा? चोराला लाइनीवरून काढलं. मग चोरी थांबली का?"

"तू माझी उलटतपासणी घेऊ नकोस."

तिने विचारलं, हे वाटा ठरवण्याचं पान कोणी चालू केलं. मामांनी आधी कुठलं पान म्हणून विचारलं. मग राउटरमध्ये असलं काही आपोआप होतं म्हणाले. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, पाच आठवड्यांपूर्वी तुमचे ते बागेतले मित्र आले होते, तेव्हा तुम्ही दोघं तासभर याच्याशी खेळत होतात. टीव्ही अडकू नये म्हणून त्याला पहिला नंबर देतो म्हणालात.

"आणि स्लो कधीपासून आहे?" भाचीने विचारलं.

पाच आठवडेच झाले होते, हे तिघांनाही कळलं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं मामा, राउटरला हात लावायचा नाही. लावलाच तर मला सांगायचं."

मामांचा चेहरा लाल झाला. आपल्या घरातल्या आपल्या वस्तूला हात लावायला आपण भाचीची परवानगी घेऊ का, असं त्यांनी विचारलं, आणि बरंच काही. ते पान पुढेच जाईना, म्हणाले, टीव्हीला नंबर द्यायच्या आधी दोन चौकटी भरा म्हणून अडून बसलं. म्हणून भरल्या. कमी पडू नये म्हणून चांगला मोठा आकडा भरला. "पाच हजार म्हणजे काय कमी का?"

"पाच हजार कशाचे?"

"कशाचे म्हणजे? वेगाचे."

भाचीला ओरडायचं होतं. पण तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: ओरडून सांगितलेला हिशेब कोणाच्याच डोक्यात राहत नाही, आणि हा हिशेब मामांच्या डोक्यात राहायलाच हवा होता. ती खुर्ची ओढून बसली. दात आवळूनच पण सावकाश तिने सांगितलं. घरापासून बाजारापर्यंतचं अंतर मीटरमध्ये सांगितलं तर आकडा मोठा येतो, किलोमीटरमध्ये सांगितलं तर लहान. अंतर तेच. तुमची लाइन शंभराची, ती मेगाबिटांत मोजलेली. चौकट किलोबिटांत विचारत होती. शंभराचे तिथे एक लाख व्हायला हवे होते. तुम्ही पाच हजार लिहिले. मोठा आकडा म्हणून शंभरातले पंच्याण्णव तुम्ही स्वतःच्या हाताने बंद करून टाकले, आणि उरलेल्या पाचांतले जवळजवळ साडेचार तुमचा टीव्ही पितोय, कारण तुम्हीच त्याला पहिला नंबर दिलाय.

मग तिने मामांचा फोन मागितला, मामींचा मागितला, दोघांच्या फोनवरचे पत्ते यादीशी ताडून दाखवले. राउटर दोन नावांची वायफाय सोडतो, एक साधी आणि एक जलद. हल्लीचे फोन ओळख पटू नये म्हणून प्रत्येक नावाच्या वायफायला वेगळा पत्ता सांगतात. म्हणून मामांचा एक फोन यादीत दोनदा, मामींचा दोनदा. बिननावाच्या चारातले दोन मामांच्या, एक मामींच्या फोनचा. मग टॅब, टीव्ही, छपाईयंत्र, दारावरचा कॅमेरा. आठ झाली. नववी मी. उरली दोन, वरच्या मुलीचा फोन आणि तिचा लॅपटॉप, जे तिने राहायला आल्या दिवशी तुम्हाला विचारून जोडले.

तिने आधी वेग मोजला, मग ते बटण बंद केलं. पुन्हा मोजला. अर्धा मेगाबिट होता तो त्र्याण्णव झाला. टीव्हीवरची बाई धडाधडा बोलू लागली.

एखाद्याला हायसं वाटलं असतं. मामा उठले, त्यांनी टीव्ही बंद केला आणि भाचीकडे वळले.

"हे सगळं त्या चित्रात होतं?"

"हो."

"मग तू मला काय लिहिलंस? बघा कोण वापरतंय. मी बघितलं. आता मला शिकवायला आलीस?"

हे मात्र वर्मी बसलं. खरं होतं म्हणूनच बसलं. "चुकले मी," ती म्हणाली. "अर्धं चित्र बघून उत्तर दिलं. ती चूक माझी. पण मी लिहिलं ते तुम्हाला. ते घेऊन जिन्यात उभं राहायला मी सांगितलं नव्हतं. आता वर चला. दोघांनी मिळून तिची माफी मागू."

मामा म्हणाले, घर माझं आहे. मालकाने भाडेकरूच्या दारात जाऊन नाक घासायचं, असं मी कुठे बघितलं नाही. तिला सांग, राहायचं तर राहा. विषय संपला.

भाची एकटीच वर गेली.

खोलीचं दार उघडं होतं. जमिनीवर दोन खोकी, एकात पुस्तकं, एकात भांडी. मुलगी शेजारी बसून पुस्तकांच्या खोक्यावर चिकटपट्टी लावत होती. भाचीने आपण कोण ते सांगितल्यावर ती उठली नाही.

"तुमचा मेसेज मी पाहिलाय," ती म्हणाली. "सगळ्या इमारतीने पाहिलाय."

भाचीने तिला सगळं सांगितलं, पाच हजारांचं, दोन पत्त्यांचं, टीव्हीचं. आपल्या स्वतःच्या फोनचंही. मुलीने हात पुढे करून फोन मागितला आणि ते चित्र बोटांनी मोठं केलं. तिने ज्या तऱ्हेने ते वाचलं ते बघून भाचीला कानकोंडं झालं. आजाऱ्याच्या पलंगाला टांगलेला तक्ता वाचावा तसं, एक ओळ, तिच्यासमोरचा आकडा, मग पुढची ओळ.

"हा माझा फोन. समोर शून्य आहे. हा लॅपटॉप, हा तर करडा आहे. म्हणजे बंद?"

"बंद."

"हे मंगळवारीच दिसत होतं?"

"हो."

"मग तुम्ही वाचलं का नाही?"

वर्गात होते, मुलं भांडत होती, यादी लांब होती. भाचीने यातलं काहीच सांगितलं नाही. "वाचायला हवं होतं," एवढंच म्हणाली.

मुलीने फोन परत केला. तिचा आवाज चढला नाही, पण चिकटपट्टीचा तुकडा तिने इतक्या जोरात ओढला की खोकं सरकलं. ती म्हणाली, आमच्याकडे चुकीची नोंद वाचून औषध दिलं तर सॉरी म्हणून सुटत नाही, ज्यांच्यासमोर चूक झाली त्यांच्यासमोर ती नोंद दुरुस्त करावी लागते. मला वर येऊन सांगितलेलं चालणार नाही. काल समोरच्या काकूंनी माझ्यासमोर चपला आत घेतल्या. ग्रुपवर लिहा. काय झालं ते. कोणी केलं ते.

भाची खाली आली आणि तिने तसंच सांगितलं. मामांनी फोन हातात घेतला, बराच वेळ काहीतरी खुडबुडलं आणि वाचून दाखवलं: तांत्रिक गोंधळ झाला होता, तो आता दूर करण्यात आला आहे.

"कोणी केला गोंधळ?" भाचीने विचारलं.

"ते लिहायची काय गरज?"

"चोर कोण ते लिहायची गरज होती ना परवा? नाव घालून लिहिलंत की. तेव्हा नाही म्हणालात, तांत्रिक चोरी झाली होती."

मामांनी फोन सदऱ्याच्या खिशात घातला आणि वर हात ठेवला. आपल्या बहिणीच्या मुलीने आपला असा पाणउतारा करावा, हे बघायला ती नाही हे एक बरं, असं म्हणाले. आईला मध्ये आणायचं काहीच कारण नव्हतं. भाची काही बोलणार, तोच मामींच्या फोनचा पाठवल्याचा आवाज झाला.

मामी दारातच उभ्या होत्या. त्याही त्या ग्रुपवर होत्या, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. ओळखीच्या औषधाच्या दुकानाची जाहिरात सोडता त्यांनी तिथे कधी काही टाकलं नव्हतं. त्यांनी फोन भाचीच्या हातात दिला. लिहिलं होतं: "वरच्या मुलीने काहीही चोरलेलं नाही. आमच्या ह्यांनी राउटरमध्ये चुकीचा आकडा भरून स्वतःच वेग कमी केला होता. आमच्या भाचीने चित्र नीट न वाचता उत्तर दिलं. अकरांतली नऊ यंत्रं आमच्याच घरची निघाली. मुलीची आम्ही माफी मागतो. समोरच्या ताई, तुमच्या चपला बाहेर ठेवायला हरकत नाही."

"काय केलंस हे?" मामा म्हणाले.

"तुम्हाला वाचता येतं," मामी म्हणाल्या आणि आत गेल्या.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. मुलगी दारात आली, उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. मामांनी सकाळचं वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.

"काका, रविवारी मी जायचंय की नाही?"

"कोण म्हणतंय जा," वर्तमानपत्राआडून आवाज आला.

"तुम्ही म्हणालात. जिन्यात. सगळे ऐकत होते."

वर्तमानपत्र खाली आलं. भाचीला वाटलं आता ते तिलाही काहीतरी ऐकवणार. पण मुलगी त्यांच्याकडे बघत होती आणि हलत नव्हती.

"राहा," ते म्हणाले. मग आणखी थांबून, "माझं चुकलं. राहा."

"परीक्षा होईपर्यंत राहीन. मग दुसरी खोली बघेन." तिने पुन्हा मामांकडेच बघितलं. "जाईन तेव्हा माझ्या मनाने जाईन."

मामांनी वर्तमानपत्र घडी घातलं, ते नीट बसेना म्हणून पुन्हा उलगडलं. भाडेकरू मिळणं आजकाल किती अवघड आहे असं काहीतरी पुटपुटले.

भाची मुलीच्या मागोमाग बाहेर आली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती थांबली आणि तिने विचारलं, खोकी सोडायची असतील ना, मी येऊ का मदतीला? पुस्तकं जड आहेत.

मुलगी चार पायऱ्या वर होती. ती वळली. चेहऱ्यावर राग होता तसाच होता, फक्त आता तो बसायला जागा मिळाल्यासारखा शांत होता.

"नको," ती म्हणाली, आणि वर गेली.